स्टेंटनंतरचं वर्ष, दोन गोळ्या आणि डिस्चार्ज कार्डाला स्टेपल केलेलं एक पत्र

गोव्यात फोंड्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. रोज निदान एक तरी माणूस हॉस्पिटलची फाइल घेऊन येतो आणि सांगतो, बिलाची कॉपी काढा, पहिल्या पानाची काढा, बाकीचं राहू दे. मीपण त्यातलाच. स्वतःच्या डिस्चार्जची फाइल घरी आणली तेव्हा मीसुद्धा बिल आणि पुढची तारीख एवढंच बघितलं होतं, मागे स्टेपल केलेलं पत्र वाचायला मला चार महिने लागले आणि तेही बायकोने वाचून दाखवलं म्हणून. त्या पत्राबद्दलच हे लिहितोय.

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. सकाळी शटर वर करताना छातीच्या मधोमध जडपणा आला, डाव्या जबड्यापर्यंत. ॲसिडिटी समजून सोडा प्यायलो, अर्धा तास फुकट घालवला (हे करू नका). मुलाने फोंड्याच्याच सरकारी हॉस्पिटलात नेलं, तिथे ईसीजी काढला, तोंडात ॲस्पिरिन चावायला दिली आणि १०८ ने थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं निघालं, म्हणजे अटॅकच, पण रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी केली. हृदयाच्या पुढच्या बाजूला जाणारी मोठी वाहिनी नव्वद टक्के बंद होती, लगेच तिथेच स्टेंट बसवला. ३ मिलिमीटर रुंद, २८ मिलिमीटर लांब, औषध लावलेला. आकडे मला पाठ आहेत कारण स्टेंटचा स्टिकर कार्डावर चिकटवलेला असतो, तो जपून ठेवा. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड कपाटात सापडलं म्हणून स्टेंटचे पैसे भरावे लागले नाहीत. मुलाला ते शोधायला दोन फेऱ्या माराव्या लागल्या तेवढंच.

शुक्रवारी, १६ तारखेला डिस्चार्ज. वॉर्डात गर्दी, बाजूच्या खाटेवरचे दोडामार्गचे काकापण त्याच दिवशी जाणार होते. एक तरुण रेसिडेंट डॉक्टर आल्या, मराठी स्वच्छ, बहुतेक सावंतवाडीकडच्या. डिस्चार्ज समरी इंग्रजीत असते, म्हणून त्यांनी स्वतः मराठीत दोन पानी पत्र लिहून त्याच्या कॉप्या काढून ठेवलेल्या, प्रत्येकाचं नाव, गोळ्या आणि तारखा हाताने भरायच्या. कॉपी इतकी फिकट होती की माझ्यातला दुकानदार जागा झाला, टोनर संपत आलाय असं मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, टोनरचं सोडा, घरी गेल्यावर हे वाचा. दोनदा वाचा." मी हो म्हटलं आणि फाइलमध्ये घातलं.

गोळ्या एकूण सहा होत्या, पण पत्र फक्त दोघींबद्दल होतं. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, दुपारी जेवल्यावर एक. टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. समोर हाताने लिहिलेलं: "दोन्ही मिळून १२ महिने, म्हणजे फेब्रुवारी २०२५ पर्यंत. त्यानंतर काय करायचं ते ओपीडीत ठरेल, घरी नाही."

पहिला हिसका बसला दहाएक दिवसांनी. खुर्चीत शांत बसलेलो असताना मधूनच एक लांब श्वास घ्यावासा वाटायचा, जणू आधीचा श्वास पुरलाच नाही. गंमत म्हणजे जिना चढताना काही नाही, बसल्यावर आणि रात्री आडवं झाल्यावर जास्त. मला वाटलं झालं, फुप्फुसात पाणी भरलं. शेजारच्या एकांनी सांगितलं, अहो या जाड रक्ताच्या गोळ्यांनी होतं, दोन दिवस बंद करून बघा. (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना आमच्याकडे सगळे जाड रक्ताच्या गोळ्याच म्हणतात, तेही एक आहेच.) त्यांचं कारण बरोबर होतं, उपाय चूक. मी मात्र घाबरून बांबोळीलाच गेलो, तिथे ईसीजी काढला, छाती तपासली, इको पण केला, सगळं जागच्या जागी. टिकाग्रेलॉरने काहींना असा दम लागल्यासारखा वाटतो आणि बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं, पण कारण हृदय पण असू शकतं म्हणून तपासायला यायचंच, असं सांगितलं. आणि सहन झालंच नाही तर डॉक्टर दुसरी गोळी देतात, फक्त बदलताना नवीन गोळीचा पहिला डोस बऱ्याचदा मोठा द्यावा लागतो, नाहीतर मधे एक-दोन दिवस पोकळी राहते. म्हणून एक आपणच बंद करून दुसरी आपणच चालू करायची नाही. माझं तीनेक आठवड्यांत कमी झालं.

एक हिशोबाची गोष्ट सांगून ठेवतो. टिकाग्रेलॉरच्या माझ्या स्ट्रिपमध्ये १४ गोळ्या असायच्या. दिवसाला दोन म्हणजे एक स्ट्रिप सात दिवस, चार स्ट्रिप म्हणजे २८ दिवस, महिना नाही! मला १६ फेब्रुवारीला चार स्ट्रिप मिळाल्या, १४ मार्चला रात्री शेवटची संपली आणि ओपीडीची तारीख १८ मार्च. ते मला १४ ला रात्री नऊला कळलं, तेव्हा आमच्याकडची फार्मसी शटर ओढत होती. मुलगा पळत गेला. तेव्हापासून घरात एक स्ट्रिप कायम जास्तीची, आणि तिला हात लागला की नवीन आणायची. पुढे लिहून दिलेल्या कंपनीऐवजी त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची घेऊ का ते डॉक्टरांना विचारलं, हो म्हणाले, तेव्हा महिन्याचा खर्च साधारण अकराशेवर आला. ॲस्पिरिनचे महिन्याला पंधरा रुपयेसुद्धा होत नव्हते.

मग एप्रिल, मे छान गेले. सकाळी चालायला लागलो, पोदेराकडचे उंडे पाव दोनाचा एक केला, दाढी करताना कापलं तर दहा मिनिटं कापूस दाबून बसायचं एवढाच काय तो त्रास. आणि इथेच खरी गडबड असते. इतकं ठणठणीत वाटतं की गोळ्या उगाच वाटायला लागतात.

जून संपत आला, पावसाने नुसता धुमाकूळ घातलेला, आणि खालची उजवी दाढ ठणकायला लागली. गाल सुजला. २७ जूनला गुरुवारी एका दवाखान्यात दाखवलं (नाव नको). दाढेच्या मुळाशी पू झालाय, काढावीच लागेल, मंगळवारी २ जुलैला या. आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या आजपासून पाच दिवस बंद. सोबत अँटिबायोटिक आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक. मी स्टेंटचं सांगितलं होतं, पण "कधी बसवला" हे त्यांनी विचारलं नाही आणि मीपण आपणहून बोललो नाही. डॉक्टरांनीच लिहून दिलंय म्हटल्यावर मी कोण. गुरुवारी रात्रीची टिकाग्रेलॉर घेतली नाही. शुक्रवारी सकाळचीपण नाही.

शुक्रवारी दुपारी पेज घेतली, नुसती, चावता येत नव्हतं, आणि ॲस्पिरिनची पट्टी बाजूला सारली. बायकोने विचारलं, ही का नाही? मी चिठ्ठी दाखवली. ती काही बोलली नाही, आत जाऊन फाइल घेऊन आली. म्हणाली, "अहो, त्या डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहून दिलं होतं ना?" आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागली. दुसऱ्या पानावरचा हा भाग मी जसाच्या तसा उतरवतो, कारण इतकं सरळ मला नंतरही कुणी सांगितलं नाही:

"तुमच्या रक्तवाहिनीत आता धातूची बारीक जाळी आहे. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या पेशींना तो धातू परका वाटतो. जखम झाली की त्या जशा एकमेकींना चिकटून गाठ बनवतात तशाच त्या जाळीवरही चिकटू शकतात. हळूहळू वाहिनीचं आतलं अस्तर जाळीवर वाढतं आणि धातू झाकला जातो. पण तुमच्या जाळीला औषध लावलेलं आहे. आत मांस वाढून वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून ते असतं, आणि त्याच औषधामुळे अस्तर यायलाही वेळ लागतो. तोपर्यंत गाठ न होऊ देण्याचं काम या दोन गोळ्या करतात."

"दोन कशाला, एक पुरे, असं वाटेल. प्लेटलेटला चिकटण्याचा निरोप वेगवेगळ्या वाटांनी जातो. ॲस्पिरिन एक वाट बंद करते, टिकाग्रेलॉर दुसरी. पहिल्या महिन्यांत एक वाट उघडी ठेवणं पुरेसं सुरक्षित नाही. ॲस्पिरिनचा परिणाम त्या प्लेटलेटचं आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी राहतो. टिकाग्रेलॉर मात्र प्लेटलेटला सोडून देते, म्हणून ती दिवसातून दोनदा आहे आणि म्हणून ती चुकवायची नाही."

"बरं वाटतं म्हणजे अस्तर आलं असं नाही. अस्तर आलं की नाही हे नेहमीच्या रक्ततपासणीत किंवा ईसीजीत दिसत नाही, आणि तुम्हाला आतून जाणवतही नाही. तुमचा पहिला अडथळा वर्षानुवर्षं वाढत गेला. स्टेंटमध्ये गाठ झाली तर ती काही मिनिटांत वाहिनी बंद करते, आणि हा अटॅक बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठा असतो. त्यातून सगळे वाचत नाहीत. गोळ्या मधेच बंद करणं हे त्याचं एक मोठं कारण आहे."

इथे ती थांबली. पुढची ओळ मनात वाचली आणि मग माझ्याकडे बघून मोठ्याने:

"दात काढायचा असेल तरी गोळ्या बंद करू नका. दाताच्या जागेवरून येणारं रक्त बोळा दाबून थांबवता येतं, स्टेंटमधल्या गाठीपर्यंत बोट पोचत नाही. कुणीही, डॉक्टरांनीसुद्धा, गोळ्या बंद करायला सांगितल्या तर हे पत्र दाखवा आणि आधी आम्हाला फोन करा."

खाली वॉर्डाचा नंबर. मी दोन डोस चुकवले होते. त्या क्षणी छातीत काही होत नव्हतं, पण हात थंड पडले हे खरं. फोन पाचव्यांदा लागला. पत्र लिहिणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दुसरे होते. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: स्टेंट कधी बसला, शेवटची गोळी कधी घेतली, आता छातीत काही होतंय का. मग म्हणाले टिकाग्रेलॉर आत्ता एक घ्या, ॲस्पिरिन पण घ्या, रात्रीची रात्री नऊला, चुकलेल्या भरून काढायला डबल अजिबात घेऊ नका. छातीत जडपणा, घाम, दम, काहीही वाटलं तर फोन करत बसू नका, १०८. आणि मग विचारलं, दुखण्यासाठी काय दिलंय? डायक्लोफेनॅक म्हटल्यावर म्हणाले ती नको, आधीच दोन गोळ्या रक्त थांबू देत नाहीत, त्यात हिने पोटातून रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, पॅरासिटामॉल घ्या. आयब्युप्रोफेन पण नको, ती तर ॲस्पिरिनच्या कामातच अडथळा आणू शकते. अँटिबायोटिकचं नाव मला स्पेलिंगसकट वाचायला लावलं, ते चालेल म्हणाले. काही अँटिबायोटिक टिकाग्रेलॉरबरोबर चालत नाहीत हे मला तेव्हा कळलं.

त्या दवाखान्यावर मी नंतर रागावलो होतो, आता तेवढा राग नाही. पूर्वी दात काढताना या गोळ्या बंद करायची पद्धतच होती म्हणे, आणि समोरच्या माणसाला तोंडातलं रक्त दिसतं, चार महिन्यांची जाळी दिसत नाही. पण तारीख विचारायला हवी होती हे मी म्हणणारच. आणि मीपण सांगायला हवी होती.

दाढ तर काढायचीच होती. नुसतं किडलेली असती तर पुढे ढकलली असती, पू होता म्हणून थांबता येत नव्हतं. सोमवारी १ जुलैला बांबोळीच्या डेंटल कॉलेजात गेलो. केसपेपरची रांग, मग दुसरी रांग, साधारण अडीच तास. पत्र पुढे केलं. तिथल्या मॅडमनी ते पूर्ण वाचलं, स्टेंटच्या तारखेखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या गोळ्या चालू ठेवूनच काढू, उद्या सकाळी लवकर या. सकाळी का, तर दिवसभरात रक्त पुन्हा आलंच तर दाखवायला वेळ मिळतो, रात्री दोन वाजता धावपळ होत नाही. गोळ्या नेहमीसारख्या घेऊन या, उपाशीपोटी नको.

मंगळवारी दाढ काढली. एकच, मुद्दाम, बाजूची हलत होती तीपण नंतर बघू म्हणाल्या. खड्ड्यात स्पंजसारखं काहीतरी भरलं, दोन टाके घातले, आणि रक्त थांबवायला मदत करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा चावून अर्धा तास बसवलं. घड्याळ समोर होतं. मी दर पाच मिनिटांनी बोळा काढून बघत होतो तर ओरडा खाल्ला, सारखं बघितलं की तयार झालेली गाठ निघते म्हणे (तोंडात ती हवी आणि हृदयात नको, असला सगळा घोळ). अर्ध्या तासाने रक्त जवळजवळ थांबलं होतं. तरी पाऊण तास आणखी बसवून ठेवलं, मग सोडलं.

संध्याकाळपर्यंत थुंकी लालसर येत होती. घाबरून वाटीत थुंकलो तर वाटीभर रक्त दिसलं, पण ती बरीचशी लाळच असते, थेंबभर रक्त वाटीभर लाळ रंगवतं. ओळखायचं कसं ते त्यांनी सांगितलं होतं: बोळा नीट दाबून वीस-तीस मिनिटं ठेवल्यावरही तोंड ताज्या रक्ताने भरत असेल तर यायचं, नुसती गुलाबी लाळ असेल तर झोपायचं. चूळ भरायची नाही, थुंकत राहायचं नाही, गरम चहा नाही. मी नऊला गोळी घेतली आणि झोपलो. तिसऱ्या दिवशी पेजेबरोबर मऊ भाजी.

पत्रात मोठ्या रक्तस्रावाचंपण लिहिलंय, ते राहू नये. शौच डांबरासारखी काळी, लघवीत रक्त, डोकं अचानक जोरात दुखणं, किंवा न थांबणारं रक्त, यासाठी लगेच हॉस्पिटल गाठायचं. पण तेव्हासुद्धा गोळ्यांचं काय करायचं ते तिथले डॉक्टर ठरवतात. त्या डॉक्टरीणबाईंनी "गोळ्या कधीच थांबत नाहीत" असं कुठेच लिहिलेलं नाही, कुणी थांबवायच्या एवढंच लिहिलंय.

चवथीच्या आधी ओपीडीच्या बाकावर ते दोडामार्गचे काका पुन्हा भेटले. त्यांची दुसरी गोळी सहा महिन्यांतच बंद केलेली. मला वाटलं मग माझी का नाही? आत गेल्यावर विचारलं. त्यांना अटॅक आलेला नव्हता, चालताना छाती भरून यायची म्हणून ठरवून केलेली अँजिओप्लास्टी होती, तिला बऱ्याचदा सहा महिने पुरतात. अटॅकनंतर बसवलेल्या स्टेंटला साधारण बारा. ज्यांना रक्तस्रावाचा धोका जास्त त्यांचं डॉक्टर कमी पण करतात. तेव्हा बाजूच्या खाटेवरच्या माणसाची तारीख आपल्याला लावायची नाही. मी जवळजवळ लावलीच होती.

त्या जूननंतर पत्राचं मी जे केलं ते माझ्या धंद्याला शोभेल असंच. स्कॅन केलं, फिकट अक्षरं गडद केली, पाकिटात मावेल एवढं छोटं केलं आणि लॅमिनेट केलं. ईसीजीच्या पट्ट्यांच्यापण कॉप्या काढल्या, त्यांचा कागद उष्णतेने छापलेला असतो, हळूहळू उडत कोरा होतो, विश्वास नसेल तर जुनी बिलं बघा. डिसेंबरमध्ये गुडघा दुखला तेव्हा फार्मसीत इंजेक्शन-गोळी मागायच्या आधी ते पत्रच काउंटरवर ठेवलं. तो मुलगा वाचून म्हणाला, "काका, मग पॅरासिटामॉलच घ्या."

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. ओपीडी. नंबर ६३, आत जायला पावणेबारा वाजले. ईसीजी बघितला, मधे रक्त कुठे आलं का, छातीत काही झालं का, गोळ्या किती चुकल्या, सगळं विचारलं. मी खरं सांगितलं, दोन टिकाग्रेलॉर, जूनमध्ये. डॉक्टर म्हणाले टिकाग्रेलॉर आजपासून बंद, ॲस्पिरिन चालूच, ती कायमची आहे, दात काढा नाहीतर काही काढा, आम्हाला न विचारता थांबवायची नाही. तसं पत्रावर लिहून देतो, द्या इकडे. मी ऐटीत पाकिटातून लॅमिनेट केलेलं पत्र काढून दिलं. त्यांनी पेन टेकवलं, उमटेना. दुसरं घेतलं, तेही घसरलं.

शेवटी त्यांनी केसपेपरच्या मागे लिहून दिलं आणि मला म्हणाले, पुढच्या वेळी लॅमिनेट करू नका. दुकानात येऊन आधी ती नवीन ओळ लावून दुसरी कॉपी काढली, या वेळी साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली.